मुक्तछंद नेमका कशातून मुक्त झाला?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि परंपरेवर बोलण्याची हौस सगळ्यांना आली. त्या चर्चांमध्ये आजच्या कवितेवर एक ठरलेली टीका हमखास ऐकू येते. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेत आता गद्याच्या मध्ये एंटर मारून कविता करतात, वृत्त नाही, यमक नाही, सातशे वर्षांची परंपरा कवींनी एका पिढीत मोडली. दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं असतं: आशय बदलला की रूप बदलणारच, जुन्या साच्यात नवं जग मावत नाही.

दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालतात. जुनी मराठी कविता म्हणजे कडक नियमांची आणि नवी म्हणजे नियमांविना. हे गृहीतच तपासायला हवं. मुक्तछंदाने काहीतरी मोडलं हे खरं आहे, पण जे मोडलं असं सांगितलं जातं ते नव्हे.

आधी मोजणी समजून घेऊ

जुन्या रसिकांमध्ये एक वचन फिरायचं: ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची.’ चार कवी, चार घडणी. परंपरा एक नव्हती, हे त्या दोन ओळींतच आलेलं आहे. या घडणी मोजण्याच्या तीन पद्धतींत बसतात.

ऱ्हस्व अक्षराला लघु म्हणतात आणि दीर्घ अक्षराला गुरु. अक्षरावर अनुस्वार असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात त्यावर येत असेल, तर ते ऱ्हस्व असूनही गुरु धरतात. लघु म्हणजे एक रुपयाचं नाणं आणि गुरु म्हणजे दोन रुपयांचं, असं समजा. वृत्तात कोणतं नाणं कितव्या जागी ठेवायचं हे आधीच ठरलेलं असतं. मात्रांच्या रचनेत, म्हणजे जातीत, नाणी कोणतीही चालतात, एकूण रक्कम जुळली पाहिजे. आणि छंद या शब्दाच्या काटेकोर अर्थाने, अक्षरछंदात, फक्त नाणी किती ते मोजायचं. एकाचं की दोनाचं हे कोणी विचारत नाही.

रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ ही ओळ मोडून पाहा: गणाधी, शजोई, शसर्वां, गुणांचा. प्रत्येक तुकडा एक-दोन-दोन असाच. बारा अक्षरं, एकही जागची हलवता येत नाही. उलट ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं आहेत. ‘सुंदर’ची सुरुवात गुरुने होते, ‘उभे’ची लघुने, आणि कशाचंच काही बिघडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक आणि शेवटचा आखूड चरण एवढ्यावर सगळी रचना उभी आहे.

आणि ओवी? ती तर अक्षरंही मोजत नाही

पसायदान आपल्या सगळ्यांना पाठ असतं. ‘आतां विश्वात्मकें देवें’ यात आठ अक्षरं. ‘येणें वाग्यज्ञें तोषावें’ आठ. ‘तोषोनि मज द्यावें’ सात. ‘पसायदान हें’ सहा. आता ज्ञानेश्वरीची पहिली ओवी घ्या. ‘ॐ नमो जी आद्या’ सहा, ‘वेदप्रतिपाद्या’ सहा, ‘जय जय स्वसंवेद्या’ आठ, ‘आत्मरूपा’ चार. ग्रंथ एक, कवी एक, छंदही एकच, तरी संख्या जुळत नाहीत. पुढे नऊ हजार ओव्यांत त्या अशाच मागेपुढे होत राहतात.

मग ओवीला ओवी करतं काय? तीन चरणांच्या शेवटी एकच यमक येतं: देवें, तोषावें, द्यावें. चौथा चरण ते यमक सोडतो आणि बहुतेक वेळा आखूड असतो. तीनदा वर चढायचं आणि चौथ्यांदा उतरायचं. मधली लांबी बोलण्याच्या गरजेप्रमाणे कमीजास्त होते, कारण ज्ञानेश्वरांना तत्त्वज्ञान समजावून सांगायचं होतं, आणि समजावणाऱ्याचं वाक्य कधी लांबतं तर कधी तुटतं. आपली ओवी गायली तर शोभतेच, पण ‘गीतेंवीणही रंगु दावी’, असं ते अठराव्या अध्यायात स्वतःच सांगतात. गाण्याचा आधार काढला तरी टिकेल असं रूप, ही कल्पना इ. स. १२९० च्या ग्रंथात स्पष्ट मांडलेली आहे.

म्हणजे मराठीतल्या सर्वांत थोर काव्यग्रंथाचा छंद आजच्या शाळकरी अर्थाने ‘नियमबद्ध’ नाही. काटेकोर गणवृत्तं, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम जागेवर ठरलेली वृत्तं, मराठीत आली ती मुख्यतः संस्कृतच्या वळणाने, आणि पंडित कवींच्या काळात, सतराव्या-अठराव्या शतकात, ती प्रतिष्ठेची झाली. आपण ज्याला ‘परंपरा’ म्हणतो ती पुष्कळदा ही मधलीच दोन-तीनशे वर्षं असतात, आणि शाळेतलं छंदाचं प्रकरणही प्रामुख्याने त्याच काळातल्या रूपांवर उभं आहे.

मग १९३५ च्या सुमारास काय घडलं?

मराठीत मुक्तछंद रुजवण्याचं श्रेय कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांना दिलं जातं. ‘प्रेम आणि जीवन’ १९३५ मध्ये आलं, ‘भग्नमूर्ती’ १९४० मध्ये. त्याच सुमारास, १९३७ मध्ये, माधव पटवर्धनांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ वाढीव रूपात प्रसिद्ध झाला. मराठी वृत्तांचा इतका बारीक हिशेब आधी कोणी मांडला नव्हता. एकीकडे हिशेबवही पुरी होत होती आणि दुसरीकडे एक कवी वहीबाहेर पडत होता, याची मला नेहमी गंमत वाटते.

अनिलांच्या मुक्तछंदात लय नाही असं मात्र नाही. ओळींची लांबी मोकळी आहे, पण बोलण्याचे लहान तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि कान त्यांच्या मागे चालतो. समीक्षकांनी म्हणूनच पुढे दोन शब्द वेगळे केले. ज्यात लयीचं आवर्तन जाणवतं तो मुक्तछंद, आणि जी गद्याच्या अगदी जवळ जाते ती मुक्तशैली. आज आपण सरसकट सगळ्याला मुक्तछंदच म्हणतो आणि मग वाद घालतो.

त्याच काळात कोणत्या कवितेवर जास्त आरडाओरड झाली ते पाहा. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ मध्ये आल्या आणि त्यांतल्या काही कवितांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. मराठी कविता मोडणारा कवी म्हणून मर्ढेकरांचं नाव आजही घेतात. पण ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही ओळ मोजून बघा. ‘पिपांत मेले’ आठ मात्रा, ‘ओल्या उंदिर’ आठ मात्रा, एकूण सोळा. पादाकुलक नावाची ही जुनी, सोवळी जाती आहे. बोलताना आपण उंदीर म्हणतो, ओळीत ‘उंदिर’ आहे, कारण दीर्घ ‘दी’ घेतला तर एक मात्रा जास्त झाली असती. रचना परंपरेतली आणि तीत मेलेले उंदीर. लोकांना धक्का बसला तो उंदरांचा. मर्ढेकरांनी ओवी आणि अभंगही असेच वापरले.

नारायण सुर्व्यांचं तेच. त्यांच्या पहिल्या संग्रहाचं नाव ‘ऐसा गा मी ब्रह्म’, साल १९६२. ‘ऐसा गा मी ब्रह्म, विश्वाचा आधार, खोलीस लाचार, हक्काचिया.’ सहा, सहा, सहा, चार. ‘सुंदर ते ध्यान’चाच साचा, शेवटचा आखूड चरणही तसाच, आणि आत गिरणगावातल्या खोलीचा प्रश्न. जुनं रूप आठवणीत असल्याशिवाय ही ओळ बोचत नाही, कारण पहिल्या दोन चरणांना वाचक नकळत अभंगासारखी मान डोलावतो आणि तिसऱ्या चरणात ‘लाचार’वर अडखळतो.

तेव्हा आशयाची फूट आणि रूपाची फूट एकाच दिवशी पडली नाही. ती एकाच माणसाने पाडली असंही नाही.

खरी फट: लिहिलेली मराठी आणि बोललेली मराठी

रूप मोकळं का झालं याची कारणं सहसा अशी देतात: शहर, यंत्र, महायुद्ध, इंग्रजी कवितेचं वाचन. ती खोटी नाहीत. पण एक कारण भाषेच्या आतलं आहे आणि ते फारसं बोललं जात नाही.

‘ध्यान’ या शब्दात अक्षरं दोन: ध्या आणि न. बोलताना मात्र आपण शेवटच्या ‘न’मधला ‘अ’ गिळतो आणि तोंडातून एकच ठोका बाहेर पडतो. ‘सुंदर’मध्ये तीन अक्षरं, बोलताना दोन ठोके. म्हणजे ‘सुंदर ते ध्यान’ ही सहा अक्षरं सहज बोलीत चारच ठोक्यांची होतात. कीर्तनात ही अडचण येत नाही. तिथे चाल प्रत्येक अक्षराला जागा देते आणि ‘ध्या-न’ लांबवता येतं. मनाचे श्लोक म्हणतानाही ‘गणाधीश’मधला ‘श’ पूर्ण उच्चारावा लागतो, एरवी बोलताना आपण तो तसा म्हणत नाही.

याचा अर्थ असा की कविता गायली किंवा पठण केली जाते तोवर अक्षरांची मोजणी कानाला ऐकू येते. ती छापून आली, मनातल्या मनात किंवा साध्या आवाजात वाचली जाऊ लागली, की तीच मोजणी कागदावर उरते आणि कानाला वेगळंच काही ऐकू येतं. विसाव्या शतकात मासिकं, छापील संग्रह आणि एकांतातलं वाचन वाढलं. कवितेचा मुख्य वापर गाण्यातून वाचण्यात गेला. मुक्तछंदाने बोलण्याचे ठोके धरले आणि लिहिलेल्या अक्षरांची मोजणी सोडली. तो मुक्त झाला तो यातून. लयीतून मुक्त व्हायचं त्याने कधी ठरवलंच नव्हतं, निदान चांगल्या कवींनी तरी.

याचीच दुसरी बाजू म्हणजे शब्दसंपत्ती. गणवृत्तात लघु-गुरूंचे ठरलेले क्रम बसवायला संस्कृत समास फार सोयीचे पडतात. घरातली, रस्त्यावरची, वस्तीतली मराठी तिथे अवघडून बसते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तेव्हा त्यात कामाठीपुऱ्याच्या परिसरातली जी भाषा होती, ती गणांत कोंबायची म्हटली असती तर तिचा आवाजच गेला असता. तिथे लय आहे, पण ती एकाच धाटणीची वाक्यं एकामागून एक आदळण्यातून येते.

‘मग गद्य तोडून लिहिलं की झाली कविता?’

हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण अशा तथाकथित कविता खरोखर ढिगाने लिहिल्या जातात. फरक ओळखता येतो का? बऱ्याच अंशी येतो. एक साधं वाक्य घेऊ: ‘आजी गेल्यावर तिचं जातं आम्ही अंगणात पालथं घातलं आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली.’ ते असं तोडलं:

आजी गेल्यावर तिचं
जातं आम्ही अंगणात पालथं
घातलं आणि त्यावर तुळशीची
कुंडी ठेवली

आता या चार ओळी पुन्हा सलग लिहा. काही हरवलं? काहीच नाही. ओळी फक्त दिसण्यापुरत्या होत्या. आता तोच मजकूर असा घेऊ. उदाहरणापुरत्या माझ्याच ओळी आहेत, त्यांना थोर म्हणण्याची गरज नाही:

आजी गेली.
जातं राहिलं.
जातं पालथं घातलं अंगणात,
वर कुंडी ठेवली.
कुंडीतली तुळस
दळत नाही,
गात नाही,
नुसती वाढते.

पहिल्या दोन ओळी एकाच घडणीच्या आहेत, म्हणून ‘गेली’ आणि ‘राहिलं’ समोरासमोर येतात. ‘कुंडीतली तुळस’ नंतर ओळ थांबते, आणि तुळशीबद्दल आता काही मंगल येणार अशी वाचकाची अपेक्षा होते, तिथे ‘दळत नाही’ येतं. मग ‘नाही’ दोनदा वाजतं आणि शेवटची ओळ ते सोडून देते. ओवीचा चौथा चरण यमक सोडून उतरतो, तसंच काहीसं हे झालं. हे सलग लिहिलं तर थांबे जातील आणि त्यांच्याबरोबर अर्थाचा काही भागही जाईल.

तेव्हा कसोटी एवढीच: कविता सलग परिच्छेदात लिहून काढा आणि मोठ्याने वाचा. ओळी मोडल्याने काही बिघडत नसेल तर ते गद्य होतं. ही कसोटी अचूक नाही. काही चांगल्या गद्यकविता मुद्दाम ओळींशिवायच लिहिलेल्या असतात. पण रोजच्या वाचनात ती बरीच उपयोगी पडते.

‘छंद जमत नाही म्हणून मुक्तछंद’

आजच्या नवख्यांबद्दल हे अनेकदा खरं असेल. ज्यांनी मुक्तछंद घडवला त्यांच्याबद्दल मात्र ते टिकत नाही. विंदा करंदीकरांनी मुक्तछंद लिहिला, सुनीत हा चौदा ओळींचा प्रकार मोकळा करून मुक्तसुनीत लिहिलं, आणि अभंगाला डिवचून ‘आततायी अभंग’ही लिहिले. सर्वांत बोलकं उदाहरण खुद्द अनिलांचं. मुक्तछंदाचा हा प्रवर्तक उत्तरायुष्यात दहा ओळींच्या, यमकांनी बांधलेल्या रचनेकडे वळला. त्या कवितांचा संग्रह ‘दशपदी’, १९७६ चा, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो त्याच संग्रहासाठी. बंधन सोडलेला माणूस स्वतःसाठी नवं बंधन बनवतो, यात मला माघार दिसत नाही. त्याने ते बंधन कोणाकडून आयतं घेतलेलं नव्हतं.

‘हे सगळं इंग्रजीवरून उचललेलं’

प्रेरणा बाहेरून आली, नाकारण्यात अर्थ नाही. पण मग हिशेब पुरता करावा. केशवसुतांचं सुनीत इंग्रजीवरून आलं. गझल फारसीतून, उर्दूतून आली. भुजंगप्रयात आणि मंदाक्रांता संस्कृतातून आल्या. जे घरचं म्हणता येईल ते ओवी आणि अभंग. आणि या घरच्या रूपांच्या, विशेषतः ओवीच्या, स्वभावाशी, म्हणजे लांबी सैल आणि उतार पक्का या स्वभावाशी, मुक्तछंद गणवृत्तांपेक्षा जास्त जवळचा आहे.

मग काहीच तुटलं नाही का?

तुटलं, आणि ते लहानसहान नाही. वृत्त हे पाठांतराचं साधन होतं, तसंच ते मजकुराचं राखणदारही होतं. मनाच्या श्लोकात एक अक्षर गळलं तर जीभ लगेच अडखळते. चूक म्हणणाऱ्यालाच कळते, पोथी उघडावी लागत नाही. ओवीत ही राखण आधीच थोडी ढिली होती. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत पाठभेद आणि भर इतकी साचली की १५८४ मध्ये एकनाथांना तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. यापुढे जो यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असा इशाराही त्यांनी दिला. सैल रूपाची किंमत तेव्हाही मोजावी लागली होती.

मुक्तछंदात राखण जवळजवळ उरतच नाही. त्याच्या ओळी छापील पानावर अवलंबून असतात. मोबाइलवर पुढे ढकललेली कविता बघा. कोणीतरी कॉपी करताना ओळी सरमिसळ होतात, एखादा शब्द बदलतो, खाली भलत्याच कवीचं नाव चिकटतं, आणि वाचणाऱ्याला यातलं काहीही खटकत नाही. अभंग सलग टंकला तरी वाचणारा त्याचे चरण आपोआप वेगळे करतो.

दुसरी तुटलेली गोष्ट सामुदायिक आहे. अभंगाचा साचा गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांना ठाऊक असतो, म्हणून टाळकरी ध्रुपद उचलू शकतात. मुक्तछंदातली प्रत्येक कविता आपला नियम स्वतः ठरवते आणि वाचकाला तो पहिल्या काही ओळींत शोधावा लागतो. श्रोता त्यात सामील होऊ शकत नाही, फक्त ऐकू शकतो. ‘पाठ होत नाही’ ही तक्रार म्हणूनच मला जुनाट वाटत नाही. ती करणारा माणूस कवितेतला आपला वाटा मागत असतो.

जिथे हा वाटा अजून आहे तिथे मोजणीही जिवंत आहे. लावणी, भावगीत, भजन यांत अक्षरं-मात्रा आजही मोजल्या जातात. सुरेश भटांनी ‘रंग माझा वेगळा’ (१९७४) आणि ‘एल्गार’ (१९८३) या संग्रहांतून काटेकोर वृत्तातली मराठी गझल रुजवली, तीही मुक्तछंद पूर्ण प्रस्थापित झाल्यानंतर, आणि तिला सभागृहं भरभरून दाद देऊ लागली. गायचं किंवा समोर बसून ऐकायचं असेल तिथे वृत्त टिकतं, एकट्याने वाचायचं असेल तिथे ते सैल होतं, असा नियम यावरून करावासा वाटतो. पण विंदांचं ‘अष्टदर्शने’ त्यात बसत नाही. २००३ मध्ये आलेल्या त्या पुस्तकात देकार्त, स्पिनोझा, हेगेलपासून चार्वाकापर्यंत आठ दर्शनं आहेत, ती कोणी टाळांवर गाणार नाही, आणि तरी ती ओवी-अभंगाच्याच वळणाने लिहिलेली आहेत. अवघड तत्त्वज्ञान मराठीत समजावून सांगायचं होतं, आणि त्या कामासाठी विंदांना तेच रूप सोयीचं वाटलं.